आधी पेन, मग फोन

शाळेच्या ऑफिसात मोठ्या बाईंनी मुलाच्या अ‍ॅलर्जीचा कागद वाचून चष्मा काढला, तशी आई खुर्चीत पुढे सरकली.

"डॉक्टरांनी छान लिहिलंय सगळं," मोठ्या बाई म्हणाल्या. "फक्त एक ओळ मी हातानं घातलीय. पालकांची फोनवर संमती घेऊनच इंजेक्शन द्यावं. आता दुधानं तोंड पोळलंय आमचं, ताकही फुंकूनच प्यायला हवं."

तोंड पोळलंय म्हणे! पोर गेली कुणाची, आणि पोळलं कुणाला!

गेल्या वर्षी ह्याच शाळेत तिची थोरली गेली. वर्गात कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक आला, त्यात काजूची पूड. आधी ओठ सुजले, मग आवाज बसला, खोकला थांबेना. वर्गाच्या बाईंनी कपाटातून पेन आणलं. ते अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन, दिसायला जाड पेनसारखं. पण आईबापांनी हो म्हटल्याशिवाय मुलाला औषध द्यायचं नाही, हा शाळेचा नियम. बाईंनी फोन लावला. आई कारखान्यात शिवण तपासत होती, तिथं फोन लॉकरमध्ये ठेवावे लागतात. तोवर बाईंनी अ‍ॅलर्जीचं सिरप पाजलं, पोरीला हाताला धरून ऑफिसपर्यंत चालवत नेलं आणि पुन्हा फोन लावला. पोर दारातच कोसळली. मग कुठं पेन टोचलं. तोवर फार उशीर झाला होता.

सोमवारपासून धाकटा ह्याच वर्गात येणार होता, आणि त्यालाही काजू चालत नाही. लोक म्हणाले, दुसरी शाळा बघ. ती म्हणाली, "इथं काय चुकलं ते तरी मला माहीत आहे."

"मोठ्या बाई," आई म्हणाली, "माझी संमती ह्या कागदावरच आहे, सही केलीय मी. फोनवर आणखी काय सांगणार होते? नको म्हणणार होते का?"

मोठ्या बाईंनी कागद पुन्हा समोर ओढला. भिंतीशी उभ्या असलेल्या वर्गाच्या बाईंनी पदर तोंडाशी धरला. त्या दिवसापासून आई आणि त्या एकमेकींच्या नजरेला नजर देत नव्हत्या. आईनं त्यांना मनातल्या मनात काय काय शिव्या दिल्या होत्या, ते देवालाच ठाऊक. आता मात्र धाकट्याला त्यांच्याच हाती सोपवायचं होतं.

तिनं पिशवीतून सरावाचं पेन काढलं. त्यात सुई नसते. "या बाई. मला पोर समजा. माझी जीभ सुजलीय, श्वास घेताना शिट्टी वाजतेय. काय कराल?"

"खाली बसवीन," बाई पुटपुटल्या. "श्वास लागलाय म्हणून बसवायचं, पाय पुढे पसरून. चक्कर आली तर आडवं करायचं. उभं करायचं नाही, चालवायचं नाही."

चालवायचं नाही म्हणताना त्यांनी ऑफिसच्या दाराकडे पाहिलं. आई फरशीवर बसली.

"मग?"

"निळी टोपी काढायची. नारिंगी टोक मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध. कपड्यावरून चालतं." बाईंनी पेन टेकवलं, पण अलगद, दाबलंच नाही.

"अहो, जोरात! गोंजारताय काय? टक् असं वाजलं पाहिजे." आईनं त्यांच्या मुठीवर आपली मूठ ठेवली आणि दाबली. टक्. पेन तसंच दाबून धरून दोघींनी मिळून तीनपर्यंत मोजलं.

"आणि शंका असली तर? हे नुसतं पित्त उठलंय की काय, असं वाटलं तर?"

"ओठांपाशी खाज, अंगावर पुरळ, एवढंच असेल तर सिरप, पण नजर हटवायची नाही. श्वास, आवाज, जीभ, चक्कर, ह्यातलं काहीही दिसलं की पेन. शंका आली तरी पेनच." बाई आता रडत रडत बोलत होत्या, पण थांबत नव्हत्या. "लगेच अ‍ॅम्ब्युलन्स. पाच मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरं पेन, दुसऱ्या मांडीत. दोन्ही पेनं वर्गातच, कुलूप नाही."

मोठ्या बाईंनी चष्मा पुन्हा चढवला, हातानं घातलेली ओळ खोडली आणि शेजारी सही केली. "मला नोकरीची भीती वाटली हो," त्या हळूच म्हणाल्या.

"आता शेवटचं राहिलं," आई फरशीवरूनच म्हणाली. "सगळं झाल्यावर आईला कळवायचं."

बाईंनी खरंच मोबाइल काढला. नंबर शोधावा लागला नाही. आईच्या पिशवीत फोन वाजू लागला. ती तशीच बसून राहिली, ऐकत. ही रिंग त्या दिवशी रिकाम्या लॉकररूममध्ये वाजत राहिली होती. मग तिनं घाईघाईनं पिशवी उलटीपालटी करून फोन कानाला लावला.

"ताई," समोर उभ्या बाई फोनमध्ये म्हणाल्या, "पेन दिलंय. अ‍ॅम्ब्युलन्स निघालीय. श्वास चालू आहे."

आईनं फोन दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला.

"आलेच मी, बाई," ती म्हणाली. "जवळच बसा तिच्या."