पगाराच्या कागदावरचा बाप

आमच्या कंपनीत नाव बदलून मागणारे ईमेल वर्षाला दोन-तीन यायचे, आणि बहुतेक लग्न झालेल्या मुलींचे असायचे. २००८च्या सप्टेंबरात आला तो भगीरथचा. तपासणी विभागातला हा मुलगा सहा वर्षं कामाला होता, आणि सहा वर्षांत त्याने अकाउंट्सला एकदाही त्रास दिलेला नव्हता. ईमेल इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या मराठीत होता. माझं पूर्ण नाव सरकारी राजपत्रात दुरुस्त झालं आहे, तरी पगाराच्या स्लिपवर ‘भगीरथ राघो शिद’ऐवजी ‘भगीरथ जैतू मेंगाळ’ असं यावं, ही विनंती. आणि शेवटी एक ओळ: मॅडम, याच महिन्याच्या स्लिपवर झालं तर फार बरं होईल.

या शेवटच्या ओळीने माझं डोकं फिरलं. मी किन्हवलीची, शेतकऱ्याच्या घरातली, पण कागदाच्या बाबतीत माझा स्वभाव सासूसारखा आहे असं ऑफिसात म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. बाईचं आडनाव बदलतं हे समजू शकते. बापच बदलायचा म्हणजे काय? मी उलट लिहिलं की नुसत्या ईमेलवर नाव बदलत नाही. स्लिपवरचं नाव पर्सोनेलच्या नोंदीतून येतं, ती नोंद तिथले हरेश साहेब बदलतात. राजपत्राची प्रत, प्रतिज्ञापत्र, नव्या नावाचं पॅनकार्ड आणि बँकेचं पत्र आण. प्रॉव्हिडंट फंडासाठी तू आणि कंपनी अशा दोघांच्या सह्यांचा वेगळा अर्ज जाईल. पंचवीस तारखेला पगाराचं काम सुरू झालं की नोंदी बंद, मग पुढचा महिना. आणि मागच्या स्लिपा जुन्या नावानेच राहतील.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो सगळे कागद घेऊन हजर. एकही कमी नव्हता. मग मात्र मला विचारावंसं वाटलं की राजपत्र हातात आहे, तर स्लिपची एवढी घाई कशाला.

त्याने जे सांगितलं ते असं. त्याचं घर मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाडीत. आश्रमशाळेत नाव घालायच्या दिवशी बाप, जैतू, तापाने फणफणला होता, म्हणून आईचा भाऊ राघो भगीरथला खांद्यावर बसवून घेऊन गेला. मास्तरांनी राघोला नाव विचारलं, राघोने स्वतःचं सांगितलं, आणि मास्तरांनी तेच बापाच्या जागी लिहिलं. पुढे बारावीनंतर जातीचा दाखला काढायला गेल्यावर तहसील कचेरीत ते उघडं पडलं. दाखला अडला, कॉलेज राहिलं, आणि तो कंपनीत लागला. जैतूने मात्र वेगळाच अर्थ लावला. राघोला मूलबाळ नाही, त्याने जाणूनबुजून माझा पोरगा कागदावर पळवला, असं तो म्हणाला. त्या दिवसापासून सहा वर्षं भगीरथची आई बारकी माहेरच्या उंबऱ्याला शिवली नव्हती.

मी म्हटलं, मग राजपत्र दाखव की बापाला.

“दाखवलं, मॅडम. बाबा बोलला, सरकारचा कागद सरकारला. वीटभट्टीवर मुकादमाच्या वहीत ज्याचं नाव, त्याच्या घरातला माणूस. तू ज्याच्याकडं राबतोस त्याच्या कागदावर कोणाचा हायस, ते आण.”

मी हसले नाही. जन्म वीटभट्टीवर काढलेल्या माणसासाठी मुकादमाची वही म्हणजे काय, ते मला कोणी शिकवायची गरज नव्हती. कागद हरेश साहेबांकडे दिले. त्यांनी बावीस तारखेला भगीरथला माहिती-बदलाचा फॉर्म भरायला बोलावलं.

त्याच दिवशी सकाळी फाटकावरून फोन आला. कोणी राघो म्हणून म्हातारा आला आहे, भगीरथच्या नावाचं काम आहे म्हणतो. टोकावड्याहून मुरबाड, मुरबाडहून इथे शहापूरला, दोन एसट्या बदलून आला होता. मला वाटलं, आता हा हरकत घेणार. जुन्या नावाचा माणूस दारात उभा राहिला की प्रकरण वकिलाकडे जातं, हा माझा अनुभव. मी हरेश साहेबांना सावध केलं, राघो आणि भगीरथ दोघांना त्यांच्याच खोलीत बसवलं आणि मीही तिथेच थांबले.

राघो खुर्चीच्या कडेवर बसला. ऑफिसने कागद मागितले हे त्याने वाडीत ऐकलं होतं, आणि आपला अंगठा लागेल म्हणून तो आला होता. हरेश साहेबांनी समजावून सांगितलं, बाबा, तुमच्या अंगठ्याची गरज नाही, कायद्याने सगळं पूर्ण झालं आहे. तरी तो उठेना. शेवटी तो भगीरथकडे न बघता माझ्याशी बोलला.

“मास्तर पयल्यांदा चुकला, बाय. दुसऱ्यांदा मी चुकलो. हा चवथीला होता तवा मास्तरानी फारम वाचून दावला. बापाचं नाव राघो, असं बोलला. मी ऐकलं. माझ्या कानाला ते गोड लागलं. मी बोललो नाय, आंगठा दिला.”

मला त्याचा राग आला, खराखुरा राग. चवथीला एक शब्द बोलला असता तर या मुलाचा दाखला अडला नसता. आणि त्याच वेळी त्याच्या मांडीवर पालथे पडलेले हात बघून त्याची दयाही आली. दोन्ही एकदम वाटतं माणसाला.

भगीरथ फॉर्मकडे बघत बसला होता. मामाबद्दलचं बापाचं म्हणणं खरं होतं, हे त्याला आत्ता कळत होतं. मग त्याने नव्या नावाच्या चौकटी एकेक करून भरल्या, सही केली, आणि खालच्या रकान्याशी थांबला. अडचणीच्या वेळी कोणाला कळवायचं, असा तो रकाना. जुन्या नोंदीत तिथे त्याच्या एका मित्राचं नाव होतं. त्याने काहीतरी लिहिलं आणि फॉर्म माझ्यापुढे सरकवला.

“मॅडम, हे मामाला वाचून दाखवा. मोठ्यानी.”

मी वाचलं. “राघो शिद. नातं, मामा.”

म्हाताऱ्याने परत वाचायला सांगितलं. मी परत वाचलं. त्याने टोपी काढून डोळ्यांना लावली, आणि जैतूला मी माझ्या तोंडानं सांगंन, एवढं बोलून निघाला. भगीरथ त्याला एसटी स्टँडपर्यंत सोडायला गेला. त्या अर्ध्या दिवसाची रजा हरेश साहेबांनी मांडली नाही, आणि मीही विचारलं नाही.

स्लिपा एक तारखेला छापल्या. त्याची मी स्वतः नेऊन दिली. तो दुपारच्या गाडीने घरी गेला आणि दोन दिवसांनी परत आला. जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. मी काही विचारायच्या आधीच सांगू लागला.

मामा त्याच्या आधीच घरी जाऊन सगळं सांगून आला होता. बाबाने त्याला शिव्या घातल्या, पाणीही विचारलं नाही. नंतर ही स्लिप पोचली. त्यातलं आपलं नाव कोणतं, ते बाबाने बोट ठेवून विचारून घेतलं, आणि बोट तिथून काढलंच नाही. मग म्हणाला, राघोचं कुठं हाय? भगीरथने सांगितलं, यावर नाय. ऑफिसातल्या कागदावर हाय, मामा म्हणून.

“मग?” मी विचारलं.

“मग आईला बोलला, जा गो. भाऊ हाय तुजा. पण त्याला सांग, माझ्या दारात येऊ नको.”

मला वाटलं होतं, कागद नीट झाला की सगळं नीट होईल. भगीरथ म्हणाला, आई त्याच संध्याकाळी माहेरी निघाली, चपलासुद्धा न घालता.