डाळिंबी चिंधी

शिवणकाम करणाऱ्या ताई दुसऱ्यांदा आल्या तेव्हा त्यांनी पिशवीतून कापडाचा एक तुकडा काढला आणि माझ्या पुतण्याच्या टेबलावर, कीबोर्डच्या शेजारी, हाताने सपाट करून ठेवला. तळहाताएवढी डाळिंबी रंगाची चिंधी होती.

"हा रंग," त्या म्हणाल्या. "आईचं जाकीट मी ह्याच कापडाचं शिवलं होतं. आणि तुमच्या फिल्ममध्ये ते कसं दिसतंय बघा. जसं काही शंभर धुण्यांतून निघालंय."

पुतण्याचं नाव काहीही असलं तरी घरात तो सोन्याच. चाळिशी उलटली, पोट सुटलं, पण सोन्या. त्याचा व्हिडिओ एडिटिंगचा स्टुडिओ म्हणजे एक खोली, दोन मोठे स्क्रीन आणि खिडकीला जाड करडा पडदा. मी तिथे कोपऱ्यात बसतो. छापखान्यात छत्तीस वर्षं मुद्रितशोधन केलं. आता सोन्याच्या फिल्मवर येणारी नावं, तारखा, ओळी तपासतो. खरं सांगायचं तर त्याला माझी फारशी गरज नाही. घरात एकटं बसून म्हातारा खंगेल म्हणून त्याने मला खुर्ची दिली असावी, असं मला वाटतं, पण विचारायचा धीर झालेला नाही.

ताईंची आई जाऊन वर्ष होत आलं होतं. रविवारी एका छोट्या हॉलमध्ये जवळची माणसं जमणार होती आणि तिथे वीस मिनिटांची फिल्म दाखवायची होती. सगळं चित्रण ताईंनीच स्वतःच्या फोनवर केलेलं. पहिल्या एक्सपोर्टमध्ये, म्हणजे सोन्याने तयार करून दिलेल्या फिल्ममध्ये, सगळं राखाडी आलं होतं. कुंडीतली फुलं, खिडकीबाहेरचं आकाश, आईचा चेहरा, सगळ्यावर जणू धूळ बसली होती.

"माझ्या फोनवर तर झकास दिसतं," ताई म्हणाल्या. "आई अशी नव्हती हो. अशी प्रेतासारखी नव्हती."

मग त्या खरं काय ते बोलल्या. बोलताना त्यांची नजर त्या चिंधीवरच होती.

"माझा मोठा भाऊ लांब असतो. तो येणार आहे रविवारी. डॉक्टर म्हणाले होते, दोन महिने आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. तेव्हापासून दादाचं एकच. 'तू रोज तिच्याजवळ होतीस. तुला दिसलं नाही?' अहो, दिसायला काही होतं का? ह्यातला खिडकीतला तुकडा बघा, दवाखान्यात नेण्याआधी दोन महिन्यांचा आहे. हसतेय, बोलतेय, चांगली आहे. त्याला ते दिसू दे. माझं काही म्हणणं नाही, फक्त त्याला आई दिसू दे."

सोन्याने मान डोलावली. तो मनाने चांगला आहे, पण धसमुसळा. त्याने तिथल्या तिथे कॉन्ट्रास्ट चढवला, रंगांचा गडदपणा, म्हणजे सॅच्युरेशन, ओढलं. जाकीट झालं डाळिंबी. चिंधी स्क्रीनला लावून बघितली, जवळपास जुळली. पण आईच्या गालांना गेरू फासल्यासारखं झालं, आणि खिडकीबाहेरचं आकाश पांढरंफटक होऊन फुटलं.

"ही कोण?" ताई म्हणाल्या. "ही तर नाटकातली बाई."

"थोडं कमी करतो."

"कमी केलं की परत राख. भाऊ, तुम्ही नुसतं वर चढवताय आणि खाली उतरवताय. मापच चुकलं असेल तर कितीही टाके घातले तरी कपडा अंगावर बसत नाही."

सोन्या वैतागला होता. मीही गप्पच बसणार होतो. मला त्यातलं काय कळतं? पण 'माप' हा शब्द कानात अडकला. छापखान्यात एका फाँटमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्या फाँटमध्ये उघडली की पानभर अगम्य चिन्हं यायची. नवीन माणूस घाबरून एकेक अक्षर पुन्हा टाइप करायला बसायचा. जुना माणूस फक्त फाँट बदलायचा. अक्षरं बिघडलेली नसायचीच, वाचणारा चुकीचं वाचत असायचा.

"सोन्या," मी घसा साफ करत म्हणालो, "मला यातलं कळत नाही, चूक असेल तर सोडून दे. पण फोनवर बरोबर आणि इथे चूक, म्हणजे फाइल चांगलीच असणार ना? आपलं मशीन ती भलत्याच लिपीत वाचत नसेल?"

सोन्या माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने क्लिपची माहिती उघडली आणि कपाळावर हात मारला.

"एचडीआर! काका, सगळं एचडीआरमध्ये, जास्त उजेडाच्या आणि जास्त रंगांच्या मापात, शूट झालंय. आणि माझा प्रोजेक्ट जुनाच, साध्या रंगांचा. रंगांची ओळख पटवायची सोय बंद ठेवून मी वर्षानुवर्षं तोच वापरतोय." तो ताईंकडे वळला. "ताई, तुमच्याच भाषेत सांगतो. फोनने मापं सेंटिमीटरमध्ये लिहिली होती. मी आकडे तेच घेतले आणि इंच समजून कापलं."

"मग कपड्याचा दोष नाही," ताई म्हणाल्या.

"अजिबात नाही. दोष माझा."

त्या पहिल्यांदा हसल्या. "कबूल करणारा शिंपी मी अजून बघितला नव्हता."

मग सोन्या नीट कामाला लागला. आधी हाताने चढवलेलं सगळं काढून टाकलं. ताईंनी पहिल्यांदा मेसेजवरून पाठवलेल्या क्लिप त्याने तेव्हाच बाजूला ठेवल्या होत्या. त्या वाटेत दाबल्या गेलेल्या असतात, त्यांच्यात रंग उरत नाही. फोनमधून केबलने घेतलेल्या मूळ फाइली होत्या. प्रत्येक क्लिपवर तिची खरी जात नोंदवली, प्रोजेक्टला सांगितलं की आत येणारे रंग या मापाचे आहेत आणि बाहेर साध्या स्क्रीनच्या मापात जायचे आहेत. फोनने टिपलेला जास्तीचा उजेड साध्या स्क्रीनला झेपेल इतका आवळायचं काम मशीनने केलं. खिडकीतला तो तुकडा एक्सपोर्ट करून त्याने पुन्हा उघडला.

आकाशात ढगांच्या कडा दिसत होत्या. कुंडीतली फुलं केशरी होती आणि त्यांची पानं ओली. जाकीट नुसतं डाळिंबी नव्हतं, त्याच्या घडीतली सावलीसुद्धा डाळिंबी होती. ताई उठल्या, चिंधी घेऊन स्क्रीनच्या कडेला धरली. कापड कुठे संपतं आणि चित्र कुठे सुरू होतं, ते पटकन कळेना.

"हे बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "हे अगदी बरोबर आहे."

स्क्रीनवर आई हसून काहीतरी म्हणत होती. तिने मान वर केली, उजेड डोळ्यांवर आला. मी चष्मा पुसून परत लावला. मला वाटलं, माझाच चष्मा मळलाय.

ताईंचा हात तिथेच राहिला.

"भाऊ, मागची भिंत कुठल्या रंगाची आहे?"

"पांढरी."

"नक्की? की पिवळट झालीये?"

सोन्याने रंगांचा आलेख उघडला. भिंतीवर लाल, हिरवी, निळी, तिन्ही रेषा एकावर एक बसल्या होत्या, म्हणजे कुठलाच रंग जास्त नव्हता. "पांढरी," तो म्हणाला आणि म्हणता म्हणताच त्याचा आवाज खाली गेला.

"मग डोळे?"

आईच्या डोळ्यांतला पांढरा भाग लिंबाच्या सालीसारखा पिवळा होता. कपाळ, गळा, चिंधीच्याच रंगाच्या बाहीतून बाहेर आलेलं मनगट, सगळंच पिवळं. अंगणात खेळणाऱ्या पोरालाही कावीळ कळली असती.

ताई खाली बसल्या. त्यांनी पिशवीतून फोन काढला, तीच क्लिप लावली. फोनवर सगळंच पिवळसर होतं. भिंतसुद्धा. दिवसभर सुईत दोरा ओवून डोळे दुखतात म्हणून त्यांनी स्क्रीनवर पिवळी छटा कायमची लावून ठेवली होती. सोन्याने अंगठ्याने ती बंद केली. फोनवरची भिंत पांढरी झाली. आई झाली नाही.

"शिवायच्या खोलीत पिवळा दिवा," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "फोन पिवळा. आणि रोज बघत होते ना मी तिला. रोज थोडं थोडं... डाळिंबीच्या पन्नास छटा ओळखते मी. दुकानदार माझ्याकडे पाठवतात गिऱ्हाइकं, रंग जुळवायला."

सोन्या खुर्चीत पुढे सरकला. "ताई, चेहऱ्यापुरता पिवळा काढता येतो. डोळ्यांतलाही. कुणाला कळणार नाही."

"मला कळेल."

"मग तारीख काढू का खालची? तारीख नसली तर कधीचं आहे कुणाला..."

तारखांचा कागद माझ्याकडे होता. मी लाल पेनने ती तारीख खोडून ठेवली, त्यांनी म्हणायची वाट न बघता. ताईंनी तो कागद माझ्या हातातून घेतला, बघितला, परत दिला.

"असू दे, काका. दादाला तारीख पाठ आहे. त्याच आठवड्यात त्याचा वाढदिवस असतो, आई त्याचंच बोलतेय. पहिलंच द्या."

"पहिलं?"

"ते राखाडी. दादा म्हणेल, हिला साधं शूटिंग करता येत नाही. म्हणू दे."

छापखान्यात खोडलेला शब्द पुन्हा तसाच ठेवायचा असला की त्याखाली टिंबं द्यायची पद्धत होती. मी तारखेखाली टिंबं दिली. चूक दुरुस्त झाल्यावर ती चूकच परत छापायची, असं छत्तीस वर्षांत एकदाही केलं नव्हतं. मी बोलायला हवं होतं का? आणि काय बोललो असतो? लिपी बदला असं सांगणारा मीच.

रविवारी हॉलमध्ये तीसेक माणसं होती. सोन्या लॅपटॉपजवळ, मी दिव्यांच्या बटणांजवळ. ताईंचा मोठा भाऊ पहिल्या रांगेत, सुटकेस अजून पायाशी. ताई त्याच्या शेजारी. त्यांनी गडद कपडे घातले होते आणि मांडीवर मूठ घट्ट मिटलेली होती.

खिडकीतला तुकडा आला. राखाडी फुलं, राखाडी आकाश, राखाडी जाकीट. आई हसली, मान वर केली. डोळे नुसते मळके होते.

"थांबवा जरा," भाऊ म्हणाला.

सोन्याने चित्र थांबवलं. भाऊ उठून पडद्याजवळ गेला. फुलांकडे त्याने बघितलं नाही, आकाशाकडेही नाही.

"बघ," तो बहिणीकडे न वळता म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, उलट थकलेला होता. "राख झालीये चेहऱ्याची. दोन महिने आधीच. आणि तुला दिसलं नाही?"

सोन्या अर्धा उठला. "नाही हो, ते रंग तसे..." मग त्याने ताईंकडे बघितलं आणि खाली बसला. पुढे काय म्हणणार होता? हे रंग खोटे आहेत? मग खरे कुठे आहेत, असं कुणीतरी विचारलंच असतं.

ताईंची मूठ जराशी सैल झाली. आत ती चिंधी होती, घामाने ओली झालेली.

"दादा, बस," त्या म्हणाल्या. "मागच्यांना दिसत नाहीये."

तो बसला. सोन्याने चित्र पुढे चालू केलं. फिल्म संपली तेव्हा दिवे लावायचं काम माझं होतं, आणि मी बराच वेळ लावले नाहीत.