सख्ख्या की शेजारच्या?

विद्यार्थ्याचा प्रबंध वाचून माझं डोकंच फिरलं. दोन शेजारच्या भाषांत ट-ठ-ड-ढ आहेत आणि दोन्हींत क्रियापद शेवटी येतं, एवढ्यावरून पठ्ठ्यानं त्या सख्ख्या बहिणी ठरवल्या होत्या!

"अरे, मूळचे शब्द जुळतात का? प्रत्यय जुळतात का?" मी ओरडले. "पिढ्यान्‌पिढ्या लोक दोन्ही भाषा बोलले, की एकीच्या लकबी दुसरीला लागतात!"

"लागणारच!" पलीकडच्या टेबलावरून तितकाच तिरसट आवाज आला. या सहकाऱ्याशी माझं एकोणीस वर्षांत एकदाही पटलेलं नाही. वैतागून आम्ही दोघांनी एकदमच चष्मे कपाळावर सारले.

विद्यार्थ्यानं आळीपाळीनं आमच्याकडे पाहिलं. "मॅडम, सर तुमचे सख्खे भाऊ ना?"

"शेजारी!" आम्ही एका सुरात खेकसलो.