नारळाचा नेम

शिरड शहापूरच्या रस्त्याला लागून असलेल्या त्या महाविद्यालयात दोन हजार चार साली मूल्यांकन समिती येणार असं ठरलं आणि आठवडाभरात सगळ्या भिंतींना रंग लागला. ग्रंथालयातल्या पुस्तकांवरची धूळ पहिल्यांदाच पुसली गेली. प्राचार्य बाबूसिंग चव्हाण यांना मात्र एवढ्यानं समाधान नव्हतं. शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजनं समितीला म्हणे चालणारा रोबो दाखवला होता. तो दोन पावलं चालून पडला ही गोष्ट प्राचार्यांच्या कानावर आलीच नव्हती.

"आपल्याला बी यंत्र पायजे," त्यांनी बैठकीत जाहीर केलं. "समितीच्या डोळ्यात भरलं पायजे. कोण करतंय?"

इतिहासाचे विभागप्रमुख नाना पाठक लगेच उठले. जुन्या काळी वेढ्यात दगड फेकायची पिळाची यंत्रं असत, तसं एक करू, म्हणाले. प्राचार्यांना दगड अशुभ वाटला. "नारळ फेका. समितीच्या डोक्यावरून जाऊन पलीकडच्या फरशीवर फुटला पायजे. स्वागताचं स्वागत आणि विज्ञानाचं विज्ञान!"

भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या सपना खिल्लारे यांनी हळूच विचारलं, "सर, डोक्यावरूनच काहून?"

सपना तासिका तत्त्वावर होत्या. तासिका तत्त्वावरच्या माणसाला तास घ्यायचा हक्क असतो, प्रश्न विचारायचा नसतो. तरी प्राचार्यांनी मोठ्या मनानं उत्तर दिलं, "म्हंजे मान वर करून पाहतील ना, मॅडम! तुमी बी एक यंत्र करा. दोन विभाग मिळून केलं की समितीला आवडतं."

अशी दोन यंत्रं झाली. नानांनी अंबाडीच्या दोराचा जाड जुडगा एका चौकटीत आडवा ताणला, त्याच्या मधोमध लाकडी दांडा खोवला आणि दोन्ही टोकांनी जुडगा पिळत नेला. दांडा मागं ओढला की दोर आणखी पिळला जाई. सोडला की तो पीळ उसळून दांडा आडव्या पट्टीवर आदळे आणि वरच्या वाटीतला नारळ सुटे. आवाज एवढा की आजूबाजूच्या झाडांवरचे बगळे उडत. प्राचार्यांना आवाज फार आवडला.

सपनानं उंच खांबांवर सागवानी दांडा तराजूसारखा टेकवला. आखूड बाजूला विटांनी भरलेली पेटी, लांब बाजूला गोफण. लांब टोक खाली ओढून अडकवलं की पेटी वर चढे. खटका सोडला की पेटी खाली येई, दांडा फिरे, गोफण मागून झेप घेई आणि तिचा एक बंद टोकाच्या खिळ्यावरून निसटला की नारळ सुटे. तो खिळा किती वाकवायचा यातच तिचे चार दिवस गेले. सरळ राहिला तर बंद लवकर निसटून नारळ आभाळात जाई, जास्त वाकला तर उशिरा निसटून समोरच्या मातीत.

तालमीला प्राचार्य एकदाच आले. नानांचा पहिलाच नारळ मैदान ओलांडून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत गेला. सपनाचा निम्म्या अंतरावर पडला.

"बस्स! नाना सरांचं पुढं, तुमचं मागं," प्राचार्य म्हणाले. "मॅडम, तुमच्या यंत्रात जोर न्हाई."

"सर, हलकी वस्तू पिळाच्या यंत्रानं लांब जाते, दांडा झटकन सुटतो म्हणून. माझी पेटी तिच्या चालीनंच पडणार, नारळ कितीही हलका असो. पण सरांचे पुढचे नारळ बघता का?"

प्राचार्यांना बघायचे नव्हते. ते मंडपवाल्याला फोन करायला गेले होते. नानांचा दुसरा नारळ हौदाजवळ पडला, तिसरा कडुलिंबाखाली. सपना चुन्यानं खुणा करत होती. तिच्या स्वतःच्या खुणा एका ताटात मावल्या असत्या. नारळही तिनं प्रयोगशाळेच्या काट्यावर तोलून सारख्या वजनाचे निवडले होते. नाना तिच्या मागं येऊन उभे राहिले. "माझे असे विखुरतात कशामुळे?"

"तुमची सगळी शक्ती दोरात आहे, सर. दर वेळी दोर थोडा सैलावतो, दमट झाला की आणखी बदलतो. माझी शक्ती विटांच्या उंचीत आहे. विटा तेवढ्याच, उंची तेवढीच. गुरुत्वाकर्षणाला दव लागत नाही."

नाना हसले, पण पुढं ठेवलेलं यंत्र मागं घ्या असं सांगायला त्यांची जीभ उचलेना. आयुष्यात पहिल्यांदाच प्राचार्यांनी त्यांना पुढं ठेवलं होतं.

समिती यायच्या आदल्या संध्याकाळी प्राचार्यांनी मंडप बरोबर सपनाच्या खुणा आणि भिंतीजवळची फरशी यांच्या मध्ये, नानांच्या नारळाच्या वाटेखाली उभारला. मागं त्यांच्या हसऱ्या फोटोचा फलक. "यंत्र आत्ताच पिळून ठेवा, सकाळी घाई नको," अशी सूचनाही त्यांनी दिली. नानांनी दोर गच्च पिळून ठेवला.

दुसऱ्या दिवशी समिती दुपारी पोचली. सपनानं दोरावर हात ठेवून पाहिला. काल तारेसारखा लागणारा जुडगा आता दाबला जात होता.

"सर, मंडप रिकामा करा," ती प्राचार्यांना म्हणाली. "हा नारळ भिंतीपर्यंत जायचा न्हाई. मधेच पडेल."

"मॅडम, ऐन टायमाला अपशकून करू नका. फलक दिसला पायजे त्यांच्यासोबत फोटोत."

ओरडावं तर नोकरी जाणार, गप्प बसावं तर कुणाचं तरी डोकं. ती सरळ समितीच्या अध्यक्षांकडे गेली. इंदूरहून आलेल्या त्या बाई खुर्चीवर टेकतच होत्या.

"मॅडम, यंत्रात शक्ती कुठं साठते ते मागूनच दिसतं. सगळे तिकडं चला ना, दाखवते."

बाई उत्साहानं उठल्या. त्या उठल्या म्हणून बाकीचे उठले. सगळे उठले म्हणून प्राचार्यांनाही हार सावरत मागं जावं लागलं. सपनानं पिळलेला दोर दाखवला, विटांची पेटी दाखवली. शेवटचा माणूस मंडपाबाहेर आल्यावर तिनं नानांकडे बघून मान डोलावली.

नानांनी खटका सोडला. आवाज मात्र तालमीतल्यासारखाच झाला. नारळ उठला, अर्ध्या वाटेवर दमला आणि मंडपाच्या कापडातून आत शिरला. प्राचार्यांच्या फोटोतल्या कपाळातून आरपार जाऊन तो पहिल्या रांगेतल्या मखमली खुर्चीवर फुटला. पाणी चहूकडे उडालं. स्वागत झालं.

प्राचार्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला. "पीळ वाढवा!" ते ओरडले. घाबरलेल्या नानांनी आणखी पीळ दिला, तर दुसरा नारळ भिंतीपलीकडं हळदीच्या शेतात गेला आणि तिकडून शेतमालकाचा आशीर्वाद ऐकू आला.

"और आपका?" बाईंनी सपनाला विचारलं.

सपनानं फरशी आपल्या टप्प्यात ओढून घेतली. पहिला नारळ फरशीवर फुटला. दुसरा त्याच्या ओल्या डागावर. तिसरा टाकताना तिनं मुद्दाम प्राचार्यांना खटका ओढायला दिला, तोही तिथंच. प्राचार्यांनी हात जोडून टाळ्या घेतल्या, जणू विटा त्यांनीच भाजल्या होत्या.

महिन्याभरानं अहवाल आला. कॉलेजला बरी श्रेणी मिळाली. 'प्राचार्यांच्या प्रेरणेनं उभारलेला उपक्रम' अशी एक ओळ होती आणि पाहुण्यांच्या बैठकव्यवस्थेचा विचार व्हावा अशी दुसरी. प्राचार्यांनी पहिली ओळ फ्रेम करून लावली. सपनाला पुढच्या वर्षासाठी आठवड्याला दोन तासिका वाढवून मिळाल्या. कायम नोकरीचं विचारल्यावर ते म्हणाले, "बघू की. घाई काय हाय?"

त्याच दुपारी नाना भौतिकशास्त्राच्या खोलीत आले. दोराचा जुडगा त्यांच्या खांद्यावर होता.

"मॅडम, त्या दिवशी तुम्ही माणसं उठवली नसती तर मी आज तुरुंगात असतो," ते म्हणाले. "हे मी प्राचार्यांना लेखी दिलंय. त्यांनी ते वाचलं नाही, ती गोष्ट वेगळी. आता मला सांगा, याचा नेम कसा सुधारायचा?"

सपनाला हसू आलं आणि बरंही वाटलं. तिनं जुडगा टेबलावर घेतला.

"आधी हा पूर्ण उकलू, सर. काम नसताना पिळून ठेवायचाच न्हाई. फेकायच्या आधी पिळायचा, आणि दर वेळी पिळाचे फेरे मोजून. तरी माझ्याइतका नेम येणार न्हाई बरं का."

"नको येऊ दे," नाना म्हणाले आणि दोराचं एक टोक धरून बसले.