दाव्यासकट शेळी

भोकरदनच्या बाजारातून शेळी आणली तेव्हा वंदनाचा आनंद गगनात मावत नव्हता. शिवणकाम करून जमवलेल्या पैशांतून तिने आयुष्यातलं पहिलं जनावर घेतलं होतं. विकणारा तर एवढा दिलदार, की दावं आणि घुंगराचा गळपट्टाही त्याने तसाच राहू दिला!

केदारखेड्याला घरी पोचून तिने शेळी नव्या खुंट्याला बांधली, तोच मोबाइल वाजला. मेसेज होता: 'एक अनोळखी ट्रॅकर तुमच्यासोबत प्रवास करत आहे.' खाली नकाशा. बाजारापासून दारापर्यंतचा सगळा रस्ता ठिपक्यांनी भरलेला.

"अहो, माझ्या मागावर कोण असंल?" तिने नवऱ्याला विचारलं.

"तुझ्या मागावर कोण येतंय!" हरिओम हसला, पण मोबाइल घेऊन त्याने ट्रॅकरला वाजवायचं बटण दाबलं. पिशवी गप्प, पर्सही गप्प. शेळी मात्र टिर्र टिर्र वाजायला लागली आणि स्वतःच दचकली.

वंदनाने गळपट्टा उलटा केला. आत हातशिलाईचं वेडंवाकडं ठिगळ होतं. तिने टाके उसवले, तर बटणाएवढी चकती हातात आली. मोबाइलवर मालकाच्या नंबराचे शेवटचे आकडे तेवढे दिसले. फोन लावायची सोय नव्हती.

हरिओमचं हसू मावळलं. "दावं कोणी दिलं तुला?"

"त्यानंच. का?"

"अगं, आपलं जनावर विकणारा दावं कधी देत न्हाई. दावं गेलं की गोठ्याची बरकत गेली. चोराला कशाची बरकत!"

वंदनाने पुन्हा मोबाइल पाहिला. चकती कशी बंद करायची, तेही मोबाइलवरच लिहिलं होतं: झाकण फिरवा, बॅटरी काढा. बॅटरी काढली की शेळी तिची. तिने झाकणावर अंगठा ठेवला. शेळी तिचा पदर चघळत उभी होती. एवढ्यातच वंदनाचा तिच्यावर फार जीव जडला होता.

तिने चकती परत ठिगळात घातली आणि सरळ टाके घालून शिवून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारसायकलवरून गोपिकाबाई आणि तिचा मुलगा शिवशंकर उतरले. म्हातारीने नुसती हाक मारली, आणि शेळी दावं ताणून ओरडली. पुराव्याचं काही कामच उरलं नाही.

"येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मोबाइलवरून ठिकाण कळून राह्यलं होतं," शिवशंकर म्हणाला. "बॅटरी काढली असती तर हाती काही लागलं नसतं. आता चोराची तक्रार करू, तुम्ही फक्त त्याचं वर्णन सांगा."

वंदनाने होकारार्थी मान हलवली. दावं सोडून म्हातारीच्या हातात दिलं. मग डोळे पुसत ती खुंटा उपटायला वाकली.

गोपिकाबाई गळपट्ट्याच्या आत, आपल्या वेड्यावाकड्या टाक्यांच्या जागी आलेली सरळ शिवण बोटाने चाचपत होती. "राहू दे पोरी तो खुंटा," ती म्हणाली. "गाभण हाय ही. पहिलं करडू तुझं. पण दावं मी देणार न्हाई, आत्ताच सांगते!"