चार माशांची मापं

बाबांनी त्यांच्या गळाच्या काठीचं ठरवून ठेवलं होतं. यंदाच्या स्पर्धेत ज्याचा मासा सगळ्यात लांब, काठी त्याची. लांबी सारखी भरली तर वजन बघायचं. दवाखान्यात त्यांनी हे मामाला सांगितलं, मामाने मासेमारी मंडळात सगळ्यांना. मी तेव्हा खाटेशेजारीच बसले होते. काठी मला हवी होती, पण बोलले नाही. गळाला अळी लावणंही मला जमत नाही, मी कुठल्या तोंडाने मागणार?

निकाल दरवर्षी बाबाच लावायचे. बाबा गेल्यावर या वेळी तलावाकाठच्या शेडमधलं ते टेबल माझ्याकडे आलं. मासा पकडायचा, होडीतच मोजायचा, सोबत्याची साक्ष घ्यायची आणि परत पाण्यात सोडायचा, असा नियम. त्यामुळे माझ्यासमोर मासे नव्हतेच, नुसते आकडे होते. पट्टी ज्याची त्याची, मापही ज्याचं त्याचं.

"सहाशे पंधरा!" दंतवैद्य आल्या आल्या म्हणाले. "आहे कुणी वरचढ?"

"सहाशे पंधरा काय?" बेकरीवाल्या ताईंनी विचारलं. "दात?"

"मिलिमीटर. तुमचा किती?"

"बासष्ट पूर्णांक दोन. सेंटीमीटर."

प्लंबरने साडेचोवीस इंच सांगितले. निवृत्त पोस्टमन काका म्हणाले, "दोन फूट. बरोब्बर."

मी चारही आकडे एकाखाली एक मांडले आणि बघत राहिले. सहाशे पंधरा, बासष्ट, साडेचोवीस, दोन. हे नुसते वाचले तर दंतवैद्यांचा मासा होडीएवढा आणि काकांचा बोटाएवढा. सगळ्यांचे मिलिमीटर करायला हवे होते. ताईंचे सहाशे बावीस झाले. एक इंच म्हणजे अडीच सेंटीमीटर धरून मी प्लंबरचे सहाशे साडेबारा काढले आणि त्याला तिसरा नंबर दिला.

"थांबा जरा," प्लंबर म्हणाला. "अडीच कुठून आणलंत? दोन पूर्णांक चोपन्न! अडीचच्या हिशोबाने पाइप कापला असता तर घरोघरी पाणी तुंबलं असतं."

मी पुन्हा गुणाकार केला. सहाशे बावीस पूर्णांक तीन. म्हणजे तिसऱ्यावरून तो थेट पहिला. काकांचे दोन फूट म्हणजे चोवीस इंच, सहाशे नऊ पूर्णांक सहा. ते शेवटीच राहिले. दंतवैद्य तिसरे झाले.

"मग काठी याची," मामा म्हणाला.

"तीन दशांश मिलिमीटरने?" ताई हसल्या. "अहो, मासा शेपटी आपटत होता. पट्टीवरची रेघसुद्धा त्याहून जाड असते."

खरं होतं. मिलिमीटरचा दशांश माझ्या गुणाकारातून आला होता, प्लंबरच्या पट्टीतून नाही. मी दोघांची लांबी सारखी धरली आणि वजनं मागितली. ताईंचं तीन किलो दीडशे ग्रॅम. प्लंबरचं सहा पौंड पंधरा औंस. पौंडाचे ग्रॅम चारशे चौपन्नच्या जरा खाली, औंसाचे सव्वाअठ्ठावीसच्या जरा वर. या वेळी मी अंदाजाने काही धरलं नाही, मामाच्या फोनवर नीट गुणलं. तीन हजार एकशे सत्तेचाळीस ग्रॅम.

"आता ताई पुढे," मी म्हणाले. "तीन ग्रॅमनी."

म्हणाले खरी, पण माझा माझ्यावरच विश्वास बसेना. ताईंचा ताणकाटा मागून घेतला. त्यावर पन्नास-पन्नास ग्रॅमच्या रेघा होत्या. प्लंबरच्या काट्यावर औंसाच्या. त्या दोन काट्यांना तीन ग्रॅम दिसणार कसे? लांबीत प्लंबर पुढे, वजनात ताई, आणि दोन्ही वेळा पुढे असणं फक्त माझ्या कागदावर. बाबांनी काय केलं असतं, ते आठवायचा प्रयत्न केला. मला त्यांचा चष्मा पुसतानाचा हातच तेवढा आठवत राहिला.

"तू घे," ताई प्लंबरला म्हणाल्या.

"छे! तीन ग्रॅमने हरलेली काठी मी नाही नेणार. तुम्हीच घ्या."

"मग मी तरी तीन ग्रॅमने जिंकलेली कशी नेऊ?"

मामा माझ्याकडे वळला. "पोरी, हे दोघं काही घेत नाहीत. घरी घेऊन जा. कोण काय बोलणार आहे?"

कुणीच काही बोललं नसतं. काठी टेबलाला टेकवलेली होती आणि मुठीवरचं बुचाचं वेष्टन बाबांच्या अंगठ्याने झिजलेलं होतं. माझा हात तिथे गेला. पण सांगून गेले होते ते लांब माशाचं. माझ्या गोंधळाचं नाही.

"पुढच्या रविवारी," मी म्हणाले. "तुम्ही दोघंच. पट्टी एक, काटा एक, आणि होडीत मोजायला मी."

"तुम्ही मासा धराल?" प्लंबरने विचारलं.

"पट्टी धरेन."

"बुळबुळीत असतो हो," ताई म्हणाल्या. "आणि काठी तोवर कुठे ठेवायची?"

"माझ्याकडे," मी म्हणाले. "आठ दिवस."