किलोमीटरला तीस किलो

रेघोबाने ओढलेल्या रेघेवरून मुंगी चालायला लागली तर तिला वळायचं कसं ते आठवत नाही, असं रस्त्याच्या कामावरची माणसं सांगतात. एक मुंगी तशीच चालत पार समुद्रापर्यंत गेली म्हणे. ती परत आली नाही, म्हणून गोष्ट खोटी म्हणायला कोणी पुढे येत नाही.

रेघोबा हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. रस्त्यावर पांढरे पट्टे मारायच्या गाडीवर तो मुकादम होता आणि वीस वर्षं तिथेच होता. गाडीच्या कडेला रंगाची बंदूक, तिच्या मागे हातभर अंतरावर काचेच्या मण्यांची बंदूक. पुढची ओला रंग फवारते, मागची त्यावर साखरेहून बारीक मणी शिंपडते. मणी रंगात निम्मे बुडतात, निम्मे वर राहतात, आणि रंग वाळला की तिथेच घट्ट बसतात. रात्री गाडीचा दिवा पडला की हे मणी उजेड आल्या वाटेने परत पाठवतात. म्हणून रेघ चमकते. मणी नसले तर दिवसा तीच रेघ दुधासारखी पांढरी, आणि रात्री, त्यातून धुकं असेल तर, असून नसल्यासारखी.

"रंग म्हणजे नवरदेवाचे कपडे," रेघोबा म्हणायचा, "आणि मणी म्हणजे नवरदेव. कपडे एकटेच बोहल्यावर उभे राहिले तर वरात कशाला आणायची?"

धरणाच्या पाण्यावरून जाणारा डोंगररस्ता नव्याने डांबरून झाला होता. काळाकुळकुळीत, एक ठिपका नाही. सहा किलोमीटर रस्ता, दोन्ही कडांना अखंड रेघ, म्हणजे बारा किलोमीटर रेघ. खालचा पूल दुरुस्तीला बंद, त्यामुळे सगळी वाहतूक आज संध्याकाळी सहाला याच रस्त्यावर सुटणार होती. त्या वाहतुकीत रेघोबाचा धाकटा भाऊ होता. तो दुधाचा टँकर चालवायचा. संध्याकाळी रिकामा चढायचा, पहाटेच्या धुक्यात भरलेला उतरायचा. चढताना त्याच्या बाजूला डोंगर, उतरताना पाणी. आणि पाण्याच्या बाजूचा कठडा अजून बसायचाच होता.

डोंगराकडची कड दुपारी जेवायच्या आत उरकली. रेघ अशी आली की रेघोबाने स्वतःच्याच पाठीवर थाप मारायचा प्रयत्न केला, पण हात पोचेना. तेवढ्यात मण्यांची टाकी सांभाळणारा मणीवाला मागून आला.

"मुकादम, पोती किती आणली होती आपण?"

"पंधरा. पंचवीस किलोची. का, विकलीस की काय?"

"चारच उरलीत."

"नीट मोज. दोन बोटं धरून बघतोस का?"

"चार, आणि टाकीत पाचेक किलो. तुम्हीच येऊन बघा."

रेघोबा गेला. ट्रकवर एका बाजूला रंगाचे डबे बरोब्बर निम्मे, अठरा, शहाण्या मुलांसारखे ओळीत. दुसऱ्या बाजूला चार पोती, लग्नघरी उशिरा पोचलेल्या पाहुण्यांसारखी अंग चोरून बसलेली.

"बंदूक जास्त सोडतेय," तो म्हणाला.

"सकाळी तुम्हीच तर परात धरून तोलली. मीटरला पंचेचाळीस ग्रॅम. तुम्हीच म्हणालात, बरोबर."

बरोबरच होतं. रेघोबाने ट्रकच्या फाळक्यावर बोटाने धुळीत हिशेब मांडला. रेघ पंधरा सेंटीमीटर रुंद. किलोमीटरला दीडशे चौरस मीटर. चौरस मीटरला रंग चारशे मिलिलिटर, म्हणजे साठ लिटर, वीस लिटरचे तीन डबे. बारा किलोमीटरला छत्तीस डबे. ते आणले होते. मणी चौरस मीटरला तीनशे ग्रॅम. म्हणजे किलोमीटरला...

त्याचं बोट धुळीतच थांबलं.

किलोमीटरला पंचेचाळीस किलो. आणि त्याने स्टोअरवाल्याला सांगितलं होतं तीस. वीस वर्षं सांगत आला होता तसंच. वीस वर्षं रेघ दहा सेंटीमीटरची होती, किलोमीटरला शंभर चौरस मीटर, तीनशे ग्रॅमने तीस किलो. ते तीस इतकं तोंडात बसलं होतं की त्याच्या पोटात रुंदी दडलेली आहे हेच तो विसरला होता. या खेपेला पट्टा रुंद केला, रंग नवीन कंपनीचा आला, म्हणून रंगाचा हिशेब त्याने पहिल्यापासून मांडला. मणी जुनेच, म्हणून मण्यांचा आकडाही जुनाच. आणि सकाळी परातीत पंचेचाळीस ग्रॅम तोलताना, तेव्हासुद्धा, हजार मीटरने गुणायचं त्याच्या डोक्यात आलं नाही.

"काय झालं मुकादम? तोंड का असं?"

"काही नाही. मी गाढव आहे, एवढंच. जा, बाईंना बोलाव."

इंजिनीअर बाई डबा अर्धा टाकून आल्या. धुळीतला हिशेब त्यांनी एकदा वाचला आणि कपाळाला हात लावला.

"पाचशे चाळीस लागणार होते."

"हो."

"आणले तीनशे पंचाहत्तर."

"हो."

"रेघोबा, मीसुद्धा मागणीवर सही केली हो. तुमचा आकडा म्हणून बघितलंही नाही."

त्या रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्या फोन घेऊन बसल्या. पहिल्या दुकानात मणी नव्हते. दुसऱ्याने उचललाच नाही. तिसऱ्याकडे होते, हवे तेवढे, पण तो बंद पुलाच्या पलीकडे. फेरा घालून उद्या दुपारी पोचतील म्हणाला.

"उद्या दुपारी चालतील की," मणीवाला म्हणाला. "आज रंग मारू, उद्या वरून मणी टाकू."

"पापड वाळल्यावर त्यात मीठ घालतोस का?" रेघोबा म्हणाला. "पंधरा मिनिटांत रंग वाळतो. वाळल्यावर टाकलेले मणी वाऱ्याने धरणात. मासे तेवढे चमकतील."

मणीवाला हसला. रेघोबा हसला नाही.

"रस्ता एक दिवस उशिरा सोडता येणार नाही?" त्याने विचारलं.

"विचारलं मी. पूल बंद, पलीकडे दवाखाना. नाहीच म्हणाले. आणि पुन्हा रस्ता बंद करायची परवानगी आठ दिवसांनी."

मग दोघं फाळक्याशी उभी राहून एकशे पाच किलो मण्यांकडे बघत राहिली. सहा किलोमीटरवर सारखे पसरले तर चौरस मीटरला एकशे सतरा ग्रॅम. निम्म्याहून कमी. सगळी रेघ म्हाताऱ्याच्या नजरेसारखी मिणमिणती. पुरेपूर टाकले तर सव्वादोन किलोमीटर आणि वर थोडे. पाण्यावरची वळणं मिळून मात्र साडेतीन किलोमीटर होती. घोंगडी एवढीशी, पाय झाकावेत तर डोकं उघडं.

"उरलेल्यावर नुसता रंग मारायचा?" बाई म्हणाल्या. "काळ्यापेक्षा पांढरं बरं."

"आज बरं. पण मग आठ दिवसांनी रस्ता मिळेल, मणी असतील आणि रंगाचे डबे रिकामे असतील. नवा रंग मंजूर व्हायला किती दिवस?"

उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. पाऊस यायचा, जायचा, तरी कागद टेबलावरच असायचा.

"आणि नाही मारला तर आज रात्री तिथे काहीच नाही," त्या म्हणाल्या.

"काहीच नाही."

"तुम्ही सांगा रेघोबा. तुम्ही सांगाल तसं करू."

आयुष्यभर हा माणूस कोणी विचारण्याआधी सांगत आला होता. सासऱ्याला शेती सांगायचा, डॉक्टरला औषध सांगायचा. आता विचारलं तर तो धुळीतला हिशेब पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागला. रंग मारावा तर वर्षभराचे प्रवासी फसतात, ठेवावा तर आठ दिवसांचे. आणि आठ दिवसांच्या आत धाकटा होता, उद्याच पहाटे.

"वळणांवर पुरेपूर मणी टाकू," तो शेवटी म्हणाला. "धरणाच्या भिंतीकडून सुरुवात करू, संपतील तिथे संपतील. बाकी काळं राहू द्या. रंग जपू."

बोलून झाल्यावर त्याला वाटलं, हे कोणी दुसराच बोलला. बाईंनी मान हलवली आणि दुसऱ्या कोणाला न पाठवता स्वतःच गाडीवर चढल्या.

चार वळणं झाली. पाचवं, सगळ्यांत लांब, पाण्याच्या अगदी डोक्यावरचं. त्याच्या तोंडाशी मण्यांची बंदूक खोकली, दोनदा शिंकली आणि नुसती हवा सोडायला लागली. रेघोबाने रंग बंद केला. रेघ तिथे कात्रीने कापल्यासारखी थांबली. पुढे रस्ता वळत वळत काळा.

ट्रकवर रस्ता अडवायचे शंकू होते, प्लास्टिकचे. बाईंनी परवानगी विचारली नाही, सरळ उतरवायला सांगितले. पाचव्या वळणाच्या कडेला तिघांनी मिळून ते मांडले. पाण्यावरून वारा आला आणि एक शंकू आडवा झाला. मणीवाल्याने तो उभा केला, तोवर दोन आडवे. दगड लावून बघितले. वजन पुरेना, आणि मोठा धोंडा रस्त्यात ठेवायचा तर तोच कोणाच्या चाकाखाली यायचा.

सहाला अडथळे उचलले. गाड्या सुटल्या, दिवे लावूनच, कारण डोंगराआड ऊन आधीच गेलं होतं. थोड्या वेळाने रेघोबाचा फोन वाजला.

"दादा! काय रेघ मारलीयेस रे! डोंगराच्या अंगाने नुसती मोत्यांची माळ. गाडी आपोआप चालतेय बघ, मी नुसता बसलोय."

"धाकट्या, ऐक. ती तुझ्या चढाची बाजू. उतरताना पाण्याच्या बाजूची चार वळणं चमकतील, पण ती खालची. तू वरून येशील तेव्हा आधी काळं लागेल."

"म्हणजे?"

"म्हणजे रेघ नाही. मणी संपले. माझा हिशेब चुकला. पाचव्या वळणावर काही नाही, शंकू आहेत, ते वाऱ्याने पडतायत."

पलीकडे गिअर खाली पाडल्याचा आवाज आला.

"तू चेष्टा तर करत नाहीस ना दादा?"

"नाही रे."

"मग मी काय करू?"

"अंधारात उतरू नकोस. वरच थांब, उजाडल्यावर उतर."

"दूध थांबतं का? नासलं तर ते माझ्याच डोक्यावर ओततील. बरं, सांग. काळं कुठून कुठपर्यंत?"

रेघोबा सांगायला लागला. वरून उतरताना बोगद्यापासून काळं. सरळ रस्ता, मग उजवीकडे एकटं झाड, झाड दिसलं की वेग अगदी कमी कर, मग लांबच लांब डावं वळण, आणि वळण संपेल तिथे रेघ सुरू होईल.

"झाड धुक्यात दिसेल का?"

रेघोबाने वर बघितलं. पाण्यावरून पांढरा पदर वर सरकायला लागला होता आणि झाडाचं खोड त्यात कधीच बुडालं होतं.

"दादा? दिसेल का झाड?"

वाऱ्याने आणखी एक शंकू पाडला. तो गडगडत रस्त्याच्या कडेपर्यंत गेला, क्षणभर थांबला, आणि खाली गेला. रेघोबा फोन कानाला धरून तो पाण्यात पडल्याचा आवाज येतो का ते ऐकत राहिला. आवाज आला, पण बऱ्याच वेळाने.

"हळू ये," तो म्हणाला. "हळू ये रे."